सोडला की सोडवला

नोकरीच्या लेखी परीक्षेची यादी लागली तेव्हा ताई कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होती. लागली म्हणजे भिंतीवर नव्हे, सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच आली. लॅबभर टिंग टिंग झालं आणि मग शांतता पसरली. परीक्षेचा निकाल वाचताना माणसं श्वास घ्यायला विसरतात, तशी ती शांतता होती.

तिनं यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. धाकट्या भावाचं नाव होतं. तिचं नव्हतं.

धाकट्याला घरात ढब्बू म्हणायचे. लहानपणी तो होताही तसाच, गोल आणि संथ. ताई त्याच्याहून वर्षानं मोठी, पण कावीळ झाली आणि तिचं एक वर्ष बुडालं, म्हणून दोघं आता एकाच वर्गात, शेवटच्या वर्षाला होती. वर्ग एक असला तरी रांग एक नव्हती. ताई पहिल्या पाचांत असायची. ढब्बू पास व्हायचा, आणि पास झाला की त्याच्याइतकंच आश्चर्य सगळ्यांना वाटायचं.

ताई उठून थेट प्लेसमेंटच्या सरांच्या खोलीत गेली. सर गुणांचा तक्ता उघडून बसले होते. ती दारात उभी राहिली तशी त्यांनी न विचारताच खुर्ची दाखवली.

"सर, काहीतरी चूक झाली असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं," सर म्हणाले. "हे बघ. गणिताच्या भागात वर्गात पहिली तू. इंग्रजीतही वर आहेस. एकूण बेरीज घेतली तर तुझ्या भावापेक्षा तू कितीतरी पुढे."

"मग?"

"प्रत्येक भागात ठरावीक गुण मिळवावेच लागतात. तर्काच्या भागात तू त्या रेषेच्या खाली राहिलीस. एका भागात खाली गेलं की बेरीज कोणी बघत नाही." सरांनी तक्ता तिच्याकडे वळवला. "तर्काच्या भागात शेवटचे नऊ प्रश्न तू उघडलेच नाहीस. काय झालं? मशीन बंद पडलं होतं का?"

मशीन बंद पडलं होतं असं सांगता आलं असतं. सरांनी ते ऐकूनही घेतलं असतं.

"नाही सर," ती म्हणाली. "वेळ संपला."

काय झालं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, कोण कोणाच्या डावीकडे ते सांगा. एका मांडणीवर पाच प्रश्न. तिनं मांडणी केली आणि सातवा माणूस बसेना. खोडून पुन्हा केली, तर आठवा उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं, पण आता सोडून पुढे जायचं म्हणजे हरायचं, असं तिला वाटलं. शेवटी आठही माणसं बसली. पाचही उत्तरं बरोबर आली असतील. ती पुढच्या प्रश्नाचं बटण दाबणार, तेवढ्यात पडदा आपोआप बदलला आणि इंग्रजीचा भाग सुरू झाला. मागे जायची सोय नव्हती.

आणि याच परीक्षेच्या आठवडाभर आधी सरांनी तिला वर्गापुढे उभं केलं होतं, "तयारी कशी करायची ते जरा सांग सगळ्यांना" म्हणून. तिनं सांगितलंही होतं. रोज वीस मिनिटं, फक्त वीस, पण रोज. दहा प्रश्न, मोबाइलवर टायमर, मग चुका तपासायच्या. वर्गानं लिहून घेतलं होतं. ती आठवण आता कानशिलं तापवत होती.

घरी जाताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. ढब्बू खिडकीबाहेर बघत होता.

"अभिनंदन म्हणायचं असतं," ताई म्हणाली.

"म्हण मग."

"अभिनंदन."

"राहू दे गं," तो म्हणाला. "चुकून लागलं असेल."

त्यानं हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि तिला ते खरंच बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच पुढे तिला सर्वांत जास्त लाज वाटायची होती.

घरात आई नुकतीच दवाखान्यातली पाळी संपवून आली होती. ती परिचारिका होती. दिवसभर उभं राहून आलेली माणसं बसतात तशी पाय लांब करून बसली होती. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायचे. त्यांची शेवटची शिकवणी रद्द झाल्यानं तेही घरीच होते.

"काय झालं यादीचं?" आईनं विचारलं.

ढब्बू बूट काढता काढता म्हणाला, "लागली. आपल्यापैकी एकाचं झालं."

पुढचं वाक्य तो बोलणारच होता. पण आईनं ते येऊच दिलं नाही. ती उठली आणि तिनं ताईला मिठीत घेतलं. "मला माहीत होतं! मला माहीतच होतं गं!" बाबांनी टाळी वाजवली, ताईच्या पाठीवर थाप मारली, आणि मग ढब्बूच्या केसांतून हात फिरवला.

"तू तोंड पाडू नकोस रे ढब्बू. पहिल्यांदा गाडी सगळ्यांचीच बंद पडते. दहा-बारा दिवसांनी दुसरी कंपनी आहे ना? ताई शिकवेल तुला."

ताईचं तोंड आईच्या खांद्यावर होतं. खांद्यावरून तिला ढब्बू दिसत होता. एका पायात बूट, एका पायात मोजा. तो तिच्याकडे बघत होता. बोल, मी थांबलोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

ती बोलली नाही.

मग ढब्बूनं दुसरा बूट काढला आणि म्हणाला, "हो बाबा. शिकेन."

*

"का नाही सांगितलंस?" संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिनं त्याला दरडावलं. चूक आपली असली की माणूस आधी दुसऱ्याला दरडावतो.

"मी? वा! मिठी कोणाला मारली होती?"

"तू बोलत होतास ना, बोलायचंस पुढे."

"तुझं तोंड बघून बोलवेना." त्यानं चादरीचं एक टोक धरलं, दुसरं तिच्याकडे दिलं. "उद्या तू सांग. तूच सांगितलेलं बरं."

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी आईनं तिच्या वॉर्डात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी. बाबांच्या बाजूला स्टिअरिंग धरून बसलेला प्रत्येक शिकाऊ माणूस आता "माझी मुलगी" ऐकतच गिअर बदलायला शिकत होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर बाबांनी जिन्यातच गाठलं. एक गोष्ट एकाला सांगायची होती. आता ती वीसजणांकडून परत घ्यायची झाली. ताई रोज रात्री म्हणायची उद्या, आणि रोज सकाळी उद्या एक दिवस लांब जायचा.

मुलाखत गुरुवारी होती. ढब्बूची. घरच्यांच्या मते ताईची.

"असं करू," ताई म्हणाली. हे बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. "त्या दिवशी मी तयार होऊन निघते आणि वाचनालयात बसते. तू नेहमीसारखा कॉलेजला जातोस तसा जा. शर्ट बॅगेत घे. मुलाखत झाली की मग सांगू. तुझं झालं की आनंदच होईल, त्या आनंदात माझं कोणी..."

"विचारणार नाही?"

"हं."

ढब्बूनं आपली बॅग ओढून घेतली. मग म्हणाला, "माझ्या मुलाखतीला मी चोरून जायचं."

 आणि मग तोच "बरं" म्हणाला. त्याचं 'बरं' फार स्वस्त होतं. लहानपणापासून ती ते घेत आली होती.

*

सकाळची वीस मिनिटं मात्र चुकवता येईनात, कारण आता घराचंच त्यावर लक्ष होतं. आई पोळ्या लाटत असायची, बाबा दाढी करत फिरायचे, आणि जेवणाच्या टेबलावर ताई आणि ढब्बू समोरासमोर.

आधीही ती अशीच बसायची. फरक इतकाच, की तेव्हा मोबाइल ताईच्या हाताशी असायचा. दहा प्रश्न, वीस मिनिटं. मधेच एखादा अडला की ती म्हणायची, "थांब थांब, होतंय माझं," आणि टायमर थांबवायची. झालं की पुन्हा सुरू. असे तिचे रोज दहापैकी दहा यायचे. ढब्बूचे सहा, फार तर सात. टायमर थांबला तरी तो नव्यानं विचार करत बसायचा नाही; पेन खाली ठेवून तिची वाट बघायचा. उरलेल्या प्रश्नांपुढे तो प्रामाणिकपणे लिहायचा, 'सोडला'. ताई तपासताना त्यात लाल पेनानं एक 'व' घालायची. सोडवला.

"प्रश्न सोडवायचे असतात रे पळपुट्या, सोडायचे नसतात."

"एका 'व'चा तर फरक," तो म्हणायचा.

"त्या 'व'लाच बुद्धी म्हणतात."

 आता निकालानंतरच्या पहिल्या सकाळी ढब्बूनं मोबाइल उचलून आपल्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला.

"हा इथे राहील," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि थांबणार नाही."

"तू मला शिकवणार?"

"मी कुठे शिकवतोय? मी फक्त घड्याळ सांभाळतोय."

"तू तर्काचा भाग कसा सोडवलास, ते तरी सांग." हे विचारणं तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत.

ढब्बूनं आईकडे एक नजर टाकली. लाटणं चालू होतं. "पहिल्यांदा सगळे प्रश्न नुसते पुढे पुढे करत गेलो. नातेसंबंध, दिशा, आकड्यांची मालिका, असे सुटे सुटे उचलले. ते एकेका मिनिटात होतात. ती गोल टेबलवाली माणसं दिसली, म्हटलं, बसा तुम्ही, तुम्हाला काही घाई नाही. शेवटी वेळ उरला तेव्हा त्यांच्याकडे गेलो. दोनच जमले. बाकी तिन्हींत अंदाजानं खूण केली. चुकलं तर गुण कापणार नाही असं आधीच सांगितलं होतं ना, मग मोकळं कशाला ठेवायचं? कापणारे असते तर सोडून दिले असते."

"म्हणजे तुला पूर्ण आलंच नाही."

"नाही ना," तो म्हणाला. "मला कधीच पूर्ण येत नाही. म्हणून तर मला सवय आहे."

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. टोमणा असता तर तिला उलट उत्तर देता आलं असतं.

त्या सकाळी टायमर न थांबवता वीस मिनिटं झाली आणि तिचे पाच आले. दहापैकी पाच. ढब्बूनं कागद उलटा करून ठेवला, आईला दिसू नये म्हणून.

आणि मग चुका तपासणं. आधी ती हा भाग ढब्बूपुरता ठेवायची. तिच्या चुका नसायच्याच. आता तो विचारायचा, "हा का गेला? येत नव्हता, घाईत वाचला, की वेळ खाल्ला?" या तिन्हींपैकी एक शब्द तिनं प्रश्नापुढे लिहायचा. पाचातले चार 'वेळ खाल्ला' निघाले.

आई गरम पोळी घेऊन टेबलाशी आली, की दोघं नाटक करायची. ढब्बू मान खाली घालायचा, ताई पेन हातात घ्यायची. एकदा आई तशीच उभी राहिली.

"वाच गं मोठ्यानं, मी पण सोडवते एक."

ताईनं वाचलं. "अ हा ब चा भाऊ. ब ही क ची आई. ड हे क चे वडील. तर अ हा ड चा कोण?"

"मेव्हणा," आई म्हणाली. "बायकोचा भाऊ. आणि लग्नात रुसून बसलेला असणार."

"बरोबर!"

"यात काय आहे? माझ्या माहेरची माणसं मोजायची तर तुमची कंपनी बंद पडेल." आई हसत गेली.

बाबांनाही चेव आला. गालाला साबण लावूनच ते आले. "गाड्यांचा विचारा मला."

ढब्बूनं कागदावर बोट ठेवलं. "जाताना ताशी चाळीसनं गेलात. त्याच रस्त्यानं येताना ताशी साठनं आलात. सरासरी वेग किती?"

"पन्नास! हे काय विचारणं झालं!"

"अठ्ठेचाळीस," ढब्बू म्हणाला.

"अरे चाळीस अधिक साठ शंभर, भागिले दोन..."

"नाही बाबा. अंतर तेवढंच आहे, पण हळू जाताना वेळ जास्त लागला. एकशेवीस किलोमीटर धरा. जाताना तीन तास, येताना दोन. दोनशे चाळीस भागिले पाच. जिथे हळू जातो तिथेच जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. मी हा तीनदा चुकलोय, म्हणून आता चुकत नाही."

बाबा साबणासकट बघत राहिले. मग ताईच्या खांद्यावर हात ठेवून ते आईला म्हणाले, "बघितलंस का गं? आठवडाभर ताईनं शिकवलं तर ढब्बूला कसं यायला लागलं! शिकवणारा पाहिजे!"

ढब्बू खाली बघत हसला. ताईला वाटलं, टेबलाखाली शिरावं. बाबांच्या हाताचा साबण तिच्या खांद्यावर राहिला होता. तो तिनं पुसलाही नाही.

*

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा खुर्चीच्या पाठीवर तिचे कपडे इस्त्री करून टांगलेले होते. आईनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

"मी येते कॉलेजच्या दारापर्यंत," आई म्हणाली. "आत नाही येत, घाबरू नकोस. नुसती बाहेर बसेन."

ताईनं ढब्बूकडे बघितलं. ढब्बूची बॅग दाराशी होती, नेहमीपेक्षा फुगलेली. आत घडी घातलेला शर्ट होता, म्हणजे आता त्याला सुरकुत्या पडत असणार. वाचनालयाचा बेत मोडला होता. तो नुसता टेबलाशी येऊन बसला आणि मोबाइल काढला.

"आज कशाला रे?" आई म्हणाली. "आज तिला मोकळं सोड."

"आजचा खाडा नको," ढब्बू म्हणाला. "वीस मिनिटं तर आहेत."

ताईला कळलं. मुलाखत त्याची होती.  तरी ही वीस मिनिटं तो तिच्यासाठी काढत होता, कारण दुसऱ्या कंपनीची तिची परीक्षा सोमवारी होती. त्यानं टायमर लावला.

सुटे प्रश्न तिनं उचलले. पाच झाले, सहा झाले. मग ओळीत बसलेली सात मुलं आली आणि तिचा हात त्यांच्यावर थबकला. तिनं सात रेघा ओढल्या. दोन नावं लिहिली. खोडली.

"सोड ताई," ढब्बू हळूच म्हणाला. "पुढे जा."

"होतंय."

"नाही होत आहे. सोड."

बाबा बूट घालत होते. त्यांनी मान वर केली. "ढब्बू! तुला किती वेळा सांगितलं, तिच्या मध्ये बोलू नकोस. ती सोडवतेय ना? मुलाखतीचा दिवस आहे तिचा, उगाच घाई कशाला लावतोस? थांबव ते घड्याळ."

"थांबवत नाही बाबा," ढब्बू म्हणाला. "तसं चालत नाही."

"अरे? दोन दिवस चार उत्तरं आली तर मोठ्या बहिणीला शिकवायला लागलास?" बाबांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात ते होतं, जे ढब्बूनं आयुष्यभर ऐकलं होतं. "आण इकडे." त्यांनी मोबाइलकडे हात केला.

ताईनं त्यांच्या आधी आपला तळवा मोबाइलवर ठेवला.

"थांबवू नका बाबा."

"तू सावकाश कर गं..."

"मी शिकवत नाहीये त्याला. तो मला शिकवतोय." तिचा आवाज तिला परका वाटला. "यादीत माझं नाव नव्हतं. त्याचं होतं. मुलाखत त्याची आहे, आज, अकराला."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"काय बोलतेस?" आई दारात आली.

"तर्काच्या भागात मी पडले. एकाच प्रश्नावर अडून बसले आणि पुढचे बघितलेच नाहीत. ढब्बू त्या दिवशी सांगणार होता. तू मला मिठी मारलीस आणि मी... मी मारू दिली." आता थांबलं तर पुन्हा उद्या होईल, हे तिला माहीत होतं, म्हणून ती थांबली नाही. "त्याला आज चोरून जायला मीच सांगितलं. शर्ट त्याच्या बॅगेत आहे."

 बाबांच्या एका हातात बुटाची नाडी तशीच होती. ते ढब्बूकडे बघत होते, पण जसं रोज बघायचे तसं नव्हे.

"तू का नाही बोललास रे?" शेवटी त्यांनी विचारलं.

ढब्बूनं खांदे उडवले. "तुम्ही इतके खूश होतात."

हे वाक्य बाबांना कुठे लागलं ते ताईला दिसलं. ते खाली बसले. खुर्चीवर नव्हे, दाराशी, बूट काढायच्या पाटावर.

 आईनं ढब्बूची बॅग उघडली, शर्ट काढला, झटकला आणि इस्त्रीचं बटण सुरू केलं. ताईचे टांगलेले कपडे तिनं उचलून पलंगावर ठेवले, हळूच, चुरगळणार नाहीत असे. ते हळू ठेवणंच ताईला सोसवेना.

"आई, रागाव ना."

"नापास झालीस म्हणून मी कधी रागावले असते का?" आई इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली. "दवाखान्यात लोक मला रोज सांगतात, सिस्टर, दुखत नाहीये. आणि दुखत असतं. मी ते ओळखते. पगार त्याचाच मिळतो. आणि घरात..." तिनं कॉलर उलटी केली. "घरात मला आठवडाभर दिसलं नाही. आणि ह्याचं तर किती वर्षं दिसलं नाही कोणास ठाऊक."

शर्ट गरम होता तोच ढब्बूनं घातला. बाबा उठले, आपला पट्टा काढून त्यांनी त्याला दिला. त्याचा फाटका होता. पट्टा सैल पडला, ढब्बू आता ढब्बू राहिला नव्हता. बाबांनी स्वतः खिळ्यानं एक भोक पाडलं. ते करताना त्यांनी फक्त एकदा म्हटलं, "अठ्ठेचाळीस ना रे?"

"अठ्ठेचाळीस."

"हं."

निघताना आईनं ताईला विचारलं नाही, की तू येतेस का. ताईही चपला घालायला उठली नाही. पण बाबा किल्ली घेऊन दाराशी गेले आणि वळले.

"काकूंना, माझ्या ऑफिसातल्यांना, मी सांगतो. तू कोणाला तोंड देत बसू नकोस."

त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. आणि तिला ते घ्यावंसं वाटलं. बसमध्ये ढब्बूचं घेतलं होतं, अगदी तसंच.

"नको बाबा," ती म्हणाली. "मी सांगते."

ढब्बू, आई आणि बाबा खाली उतरत होते. त्यांच्या मागून तीही जिना उतरली. खालच्या मजल्यावर काकूंचं दार उघडंच होतं. त्या पायपुसणं झटकत होत्या. ढब्बूला इस्त्रीच्या शर्टात बघून त्या चकित झाल्या, आणि मग त्यांची नजर मागे ताईवर गेली. घरातले कपडे, विस्कटलेले केस.

"अगं बाई! मुलाखत ना आज तुझी? अजून तयार नाहीस?"

आई दोन पायऱ्या खाली थांबली. बाबांनी गाडीची किल्ली उगाच हातात फिरवली. ढब्बू वळला, आणि त्याच्या तोंडावर एखादं बरं वाटेल असं वाक्य तयार दिसत होतं. ताईनं मान हलवून त्याला नको म्हटलं.

घरात सांगणं सोपं होतं, हे तिला आत्ता कळलं. घरातली माणसं जवळची असतात. इथे पायपुसणं हातात घेऊन उभी असलेली, कौतुकानं भरलेली बाई होती, आणि तिचं कौतुक आठवडाभर फुकट खाल्लेलं होतं.

"माझी नाही काकू," ती म्हणाली. कान लाल झाले, तरी तिनं खाली बघितलं नाही. "ह्याची आहे. मी नापास झाले. बाबांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं, पण त्यांचं नव्हे, माझं."

काकूंच्या हातातलं पायपुसणं तसंच राहिलं. ताई तिथेच उभी राहिली. पळाली नाही.

"बरं," काकू शेवटी म्हणाल्या, आणि ढब्बूकडे वळल्या. "मग तुला शुभेच्छा रे बाळा. इतके दिवस मी हिलाच देत होते."

"चालतील," ढब्बू म्हणाला. "तिला सोमवारी लागणारच आहेत."

तो उतरून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ताई जिना चढून वर आली तेव्हा टेबलावर मोबाइल नव्हता. तो ढब्बूच्या खिशात गेला होता. आपला मोबाइल बाजूला ठेवून तिनं आतल्या खोलीतून गजराचं जुनं घड्याळ आणलं, चावी दिली आणि समोर ठेवलं. बाबांच्या ऑफिसातल्या माणसांना सांगायला दुपारी जायचं होतं, आईच्या वॉर्डात संध्याकाळी. त्याआधी अर्धवट राहिलेला कागद होता. ओळीतली ती सात मुलं अजून तशीच होती. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पान उलटून पुढचा प्रश्न वाचायला घेतला.